पूर्व जर्मनीचा डोलारा का कोसळला?

ऑक्टोबर १९८९च्या अखेरीस पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाच्या पॉलिट ब्युरोपुढे एक गोपनीय अहवाल ठेवण्यात आला. नियोजन आयोगाचे प्रमुख गेरहार्ड श्यूरर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी तो तयार केला होता. पाश्चात्त्य देशांचे कर्ज हाताबाहेर गेले आहे, ते केवळ आहे तेथे थोपवायचे ठरवले तरी पुढील वर्षी जनतेचे राहणीमान २५ ते ३० टक्क्यांनी खाली आणावे लागेल आणि तसे केल्यास देशावर राज्य करणे अशक्य होईल, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांत, ९ नोव्हेंबरच्या रात्री, बर्लिनची भिंत खुली झाली.

पूर्व युरोपातील कम्युनिस्ट सरकारांच्या पतनाची चर्चा होते तेव्हा बहुधा भिंतीवर चढलेल्या तरुणांचे छायाचित्र डोळ्यांसमोर येते. परंतु ते छायाचित्र या कथेच्या शेवटच्या पानावरचे आहे. पोलंड, हंगेरी, पूर्व जर्मनी, बल्गेरिया, चेकोस्लोव्हाकिया आणि रुमानिया या सहा देशांतील राजवटी १९८९ या एकाच वर्षात कोसळल्या किंवा सत्तेवरील मक्तेदारी गमावून बसल्या. चार दशके टिकलेल्या या राजवटी इतक्या झपाट्याने का गेल्या, हे समजून घेण्यासाठी पूर्व जर्मनीचे उदाहरण सर्वाधिक उपयुक्त आहे. साम्यवादी गटातील हा सर्वांत प्रगत औद्योगिक देश मानला जाई. सुमारे १ कोटी ६० लाखांच्या या देशात सत्ताधारी पक्षाचे २३ लाख सदस्य होते आणि स्टासी या गुप्त पोलिस यंत्रणेत सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते. अशी राजवट दोन महिन्यांत हतबल झाली, तर तिचे आधार आधीच निखळलेले असणार हे उघड आहे. हे आधार मुख्यत: तीन होते : सोव्हिएत रणगाडे, कर्जावर पोसलेली जनतेची शांतता आणि बंद सीमा.

पहिला आधार : मॉस्कोची हमी

जून १९५३मध्ये पूर्व बर्लिनमधील बांधकाम मजुरांच्या संपातून देशव्यापी उठाव झाला, तेव्हा तो सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. १९५६मध्ये हंगेरीत आणि १९६८मध्ये चेकोस्लोव्हाकियात तेच घडले. या तीन प्रसंगांनी पूर्व युरोपातील राज्यकर्त्यांना आणि जनतेलाही एकच धडा दिला : परिस्थिती हाताबाहेर गेली की मॉस्को हस्तक्षेप करणारच. रस्त्यावर उतरण्यापूर्वी प्रत्येक नागरिक हा हिशेब मनात करीत असे. स्थानिक सरकारची खरी शक्ती त्या हिशेबात होती.

ही हमी मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी काढून घेतली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. तिला पहिला तडा त्यांच्या आधीच गेला होता. पोलंडमध्ये १९८०च्या संपांतून ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली आणि तिची सदस्यसंख्या सुमारे एक कोटीवर गेली. डिसेंबर १९८१मध्ये सोव्हिएत पॉलिट ब्युरोने या प्रश्नावर खल केला, तेव्हा सैन्य न पाठवण्याकडेच नेत्यांचा कल होता. अफगाणिस्तानातील युद्ध सुरू होते आणि पाश्चात्त्य देशांचे आर्थिक निर्बंध झेलण्याची ताकद उरलेली नव्हती. पोलंडच्या लष्करानेच १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा लागू केला, म्हणून मॉस्कोची ही अनिच्छा तेव्हा जगापुढे आली नाही. हमी पोकळ झाली होती, परंतु लोकांना ते ठाऊक नव्हते.

गोर्बाचेव्ह यांनी केले ते हे, की जे मॉस्कोच्या बंद दालनात ठरले होते ते त्यांनी उघडपणे सांगितले. ७ डिसेंबर १९८८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात बोलताना त्यांनी सोव्हिएत सैन्यात पाच लाखांची एकतर्फी कपात जाहीर केली, पूर्व युरोपातून काही रणगाडा तुकड्या मागे घेण्याची घोषणा केली आणि आपली व्यवस्था निवडण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक राष्ट्राला आहे, असे प्रतिपादन केले. शब्दांची कसोटी पुढील वर्षी लागली. ४ जून १९८९ रोजी पोलंडमध्ये झालेल्या अंशत: मुक्त निवडणुकीत सॉलिडॅरिटीने सिनेटच्या १००पैकी ९९ जागा आणि कनिष्ठ सभागृहात तिला लढवण्यास खुल्या असलेल्या सर्व जागा जिंकल्या. ऑगस्टमध्ये तादेउश माझोविएत्स्की हे बिगरकम्युनिस्ट पंतप्रधान झाले. एकही रणगाडा हलला नाही. आता सर्वांनाच कळून चुकले की जुनी हमी उरलेली नाही.

दुसरा आधार : कर्जावर विकत घेतलेली शांतता

एरिक होनेकर १९७१मध्ये पूर्व जर्मनीच्या पक्षप्रमुखपदी आले. त्यांचे धोरण साधे होते. राजकीय स्वातंत्र्य मिळणार नाही, परंतु घर मिळेल, नोकरी मिळेल, पाव आणि घरभाडे स्वस्त राहील. लाखो नवी घरे बांधण्यात आली, दर गोठवण्यात आले आणि त्यातून येणारी तूट सरकारी अनुदानाने भरून काढण्यात आली. या तडजोडीला जनतेने बराच काळ मूक संमती दिली. अडचण एवढीच होती की देश जितके निर्माण करीत होता त्यापेक्षा अधिक खर्च करीत होता आणि मधला फरक पश्चिमेकडील बँकांच्या कर्जातून भागवला जात होता. त्या कर्जातून आधुनिक यंत्रे आणावीत आणि त्यांवर तयार झालेला माल पश्चिमेत विकून कर्ज फेडावे, अशी मूळ कल्पना होती. परंतु तो माल पाश्चात्त्य बाजारात स्पर्धेला उतरू शकला नाही. जुन्या कर्जाचे व्याज देण्यासाठी नवे कर्ज काढण्याची वेळ आली.

येथे सोव्हिएत तेलाचा संबंध येतो. पूर्व जर्मनीला सोव्हिएत संघाकडून सवलतीच्या दरात कच्चे तेल मिळे. त्याचा मोठा भाग शुद्ध करून पश्चिमेत विकला जाई आणि त्यातून परकीय चलन येई. १९८१मध्ये लिओनिद ब्रेझनेव्ह यांनी हा पुरवठा वर्षाला १ कोटी ९० लाख टनांवरून १ कोटी ७० लाख टनांवर आणला. विक्रीसाठी तेल उरावे म्हणून देशांतर्गत वापर कमी करण्यात आला आणि कारखाने, वीजकेंद्रे पुन्हा निकृष्ट तपकिरी कोळशावर चालवण्यात आली. औद्योगिक पट्ट्यातील हवा आणि नद्या त्यातून विषारी झाल्या. पुढे १९८६मध्ये जागतिक बाजारात तेलाचे भाव कोसळले. सोव्हिएत तेलाची किंमत मात्र मागील पाच वर्षांच्या जागतिक सरासरीवर ठरत असल्याने ती लगेच उतरली नाही. महाग घ्यायचे आणि स्वस्त विकायचे, अशी अवस्था झाली.

१९८३मध्ये देश दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना त्याला वाचवले ते पश्चिम जर्मनीने. बव्हेरियाचे कट्टर कम्युनिस्टविरोधी नेते फ्रान्झ योझेफ श्ट्राऊस यांच्या मध्यस्थीने १०० कोटी मार्कांचे कर्ज मिळाले. त्यानंतरच्या काळात सीमेवरील कुंपणाला बसवलेली स्वयंचलित गोळीबार यंत्रे काढून टाकण्यात आली. ज्या राष्ट्राला शत्रू म्हणून भिंत उभारली होती, त्याच राष्ट्राच्या पैशावर राजवट तगून होती.

श्यूरर अहवालाने कर्जाचा आकडा ४९ अब्ज मार्क सांगितला. हा आकडा फुगलेला होता, असे पुढे दिसून आले. परकीय चलनाचा काही साठा गुप्त खात्यांत होता आणि अहवालात त्याचा हिशेब धरलेला नव्हता. जर्मन मध्यवर्ती बँकेने नंतर मांडलेला निव्वळ कर्जाचा आकडा २० अब्ज मार्कांच्या आसपास आहे. म्हणजे देश त्या महिन्यात दिवाळखोर झालेलाच होता, असे म्हणता येत नाही. परंतु राज्यकर्त्यांनी निर्णय घेतले ते समोरच्या आकड्यावर. होनेकर यांच्या जागी आलेले एगॉन क्रेन्झ १ नोव्हेंबरला मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांना भेटले तेव्हा कर्जाचा आकडा ऐकून गोर्बाचेव्ह चकित झाले. मोठी मदत मिळणार नाही हेही तेथे स्पष्ट झाले. ६ नोव्हेंबरला क्रेन्झ यांच्या दूताने बॉनमध्ये अब्जावधी मार्कांच्या नव्या कर्जाची विचारणा केली. चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी दोनच दिवसांत संसदेत उत्तर दिले : कम्युनिस्ट पक्षाने सत्तेची मक्तेदारी सोडावी आणि मुक्त निवडणुका घ्याव्यात, मगच व्यापक मदत. पूर्वी कर्जाच्या बदल्यात सीमेवरील सवलती मागितल्या जात, आता थेट सत्ताच मागितली गेली.

तिसरा आधार : बंद सीमा

पूर्व जर्मनीची अडचण इतर कम्युनिस्ट देशांहून वेगळी होती. देश सोडणाऱ्या पोलिश माणसाला परक्या भूमीवर निर्वासित व्हावे लागे. पूर्व जर्मन माणूस मात्र सीमा ओलांडताच पश्चिम जर्मनीचा पूर्ण नागरिक ठरत असे. भाषा तीच, नातेवाईक तेथेच. १९४९ ते १९६१ या काळात २५ लाखांहून अधिक लोक निघून गेले, म्हणूनच ऑगस्ट १९६१मध्ये भिंत बांधावी लागली. भिंत पाडली तर देश रिकामा होईल, हे राज्यकर्त्यांना पुरते ठाऊक होते.

ही भिंत प्रत्यक्षात फुटली ती बर्लिनपासून शेकडो किलोमीटर दूर, हंगेरीत. हंगेरीने १९८८पासून स्वत:च्या नागरिकांना पश्चिमेत जाण्याची मुभा दिली होती. मग ऑस्ट्रियाच्या सीमेवरील विद्युत संकेत देणारे जुनाट कुंपण कोणासाठी राखायचे, असा प्रश्न होता. त्याच्या दुरुस्तीचा खर्च मोठा होता आणि पंतप्रधान मिक्लोश नेमेत यांना तो निरर्थक वाटत होता. मार्च १९८९मध्ये त्यांनी गोर्बाचेव्ह यांच्या कानावर ही गोष्ट घातली, त्यांनी हरकत घेतली नाही. २ मे रोजी कुंपण काढण्याचे काम सुरू झाले.

उन्हाळ्याच्या सुटीत हंगेरीला जाणे पूर्व जर्मन नागरिकांना सहज शक्य होते. त्यांतील हजारोंनी त्या वर्षी घरी परतण्यास नकार दिला. १९ ऑगस्टला सोप्रॉनजवळ भरलेल्या एका सीमामेळाव्यात सहाशेहून अधिक जण ऑस्ट्रियात शिरले आणि हंगेरियन रक्षकांनी गोळी झाडली नाही. पूर्व जर्मन नागरिकांना तिसऱ्या देशात जाऊ न देण्याचा १९६९चा द्विपक्षीय करार हंगेरीला बांधील होता. दुसरीकडे त्याच वर्षी हंगेरीने संयुक्त राष्ट्रसंघाचा निर्वासितविषयक करार स्वीकारला होता. दोन करारांतून एक निवडणे भाग होते. ११ सप्टेंबरपासून हंगेरीने सीमा उघडली आणि महिनाअखेरपर्यंत सुमारे पंचवीस हजार पूर्व जर्मन तेथून पश्चिमेत गेले. जाणारे बहुतांशी तरुण व कुशल होते. मागे राहिलेल्यांना त्यांची अनुपस्थिती रुग्णालयात, कारखान्यात आणि शाळेत रोज जाणवू लागली.

लाइपझिगची निर्णायक संध्याकाळ

लोक निघून जाऊ लागले की विरोधकांचे बळ घटते, असा राजवटीचा आजवरचा अनुभव होता. त्रासदायक माणसांना पश्चिमेत पाठवून देण्याचे धोरण त्याच अनुभवावर बेतलेले होते. १९८९मध्ये उलट घडले. लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये १९८२पासून दर सोमवारी शांतताप्रार्थना होत असे. सप्टेंबर १९८९मध्ये प्रार्थनेनंतर लोक रस्त्यावर येऊ लागले. प्रारंभी ‘आम्हाला बाहेर जायचे आहे’ अशी घोषणा होती. लवकरच ‘आम्ही येथेच राहणार’ ही घोषणा तिच्यावर मात करू लागली. जाणाऱ्यांनी राजवटीची हतबलता उघड केली आणि राहणाऱ्यांना बोलण्याचे धैर्य आले. मे महिन्यातील स्थानिक निवडणुकांत ९८.८५ टक्के मते मिळाल्याचा दावा सरकारने केला होता. नागरिकांनी अनेक केंद्रांवर स्वत: मोजणी करून तो खोटा ठरवला होता. तो संतापही त्यामागे होता.

२ ऑक्टोबरच्या सोमवारी मोर्चात सुमारे वीस हजार लोक होते. पुढचा सोमवार ९ ऑक्टोबरचा. चार महिन्यांपूर्वी चीनमधील तिआनमेन चौकातील कारवाईला पूर्व जर्मन संसदेने पाठिंबा दिला होता, त्यामुळे रक्तपात होणार अशी सर्वांचीच समजूत होती. गरज पडल्यास हाती शस्त्र घेऊन समाजवादाचे रक्षण करू, असे कामगार दलाच्या एका तुकडीप्रमुखाचे पत्र स्थानिक वृत्तपत्रात छापून आले होते. सुमारे आठ हजार सशस्त्र जवान सज्ज होते आणि रुग्णालयांना तयारीत राहण्याच्या सूचना होत्या. संध्याकाळी प्रत्यक्षात सत्तर हजार लोक जमले.

आदेश नेमका काय होता? पांगवण्याचा आदेश होता, परंतु एवढ्या संख्येसमोर तो अमलात कसा आणायचा, हे कोणीच स्पष्ट केलेले नव्हते. कामगार दलातील अनेक जण कामावर आलेच नव्हते. वाद्यवृंद संचालक कुर्त मझूर, पक्षाचे तीन जिल्हा सचिव आणि आणखी दोघे यांनी शांततेचे संयुक्त आवाहन काढले आणि ते शहरभरच्या ध्वनिक्षेपकांवरून ऐकवण्यात आले. जिल्ह्याचे प्रभारी पक्षप्रमुख हेल्मुट हाकेनबर्ग यांनी बर्लिनला दूरध्वनी करून मार्गदर्शन मागितले. क्रेन्झ विचारपूस करून पुन्हा बोलतो म्हणाले. उत्तराची वाट पाहत थांबणे शक्य नव्हते. हाकेनबर्ग यांनी जवानांना माघारीचा आणि केवळ स्वसंरक्षणाचा आदेश दिला. क्रेन्झ यांचा संमतीचा दूरध्वनी आला तेव्हा मोर्चा शहराला वळसा घालून गेलेला होता. पूर्व जर्मनीतील लाखो सोव्हिएत सैनिक त्या संध्याकाळी बराकीतच राहिले.

हीच या सगळ्या घटनाक्रमातील खरी वळणाची घटना. १९५३मध्ये अशा प्रसंगी निर्णय मॉस्कोने घेतला होता. १९८९मध्ये तो एका जिल्हा पातळीवरील पदाधिकाऱ्यावर येऊन पडला आणि पाठीशी कोणी नसताना गोळीबाराची जबाबदारी घेण्यास तो तयार झाला नाही. पुढील सोमवारी मोर्चात लाखाहून अधिक लोक होते. १८ ऑक्टोबरला होनेकर पायउतार झाले.

भिंत : धोरण नव्हे, गोंधळ

नागरिकांचा ओघ आता चेकोस्लोव्हाकियामार्गे वाहत होता आणि प्राग सरकार तक्रार करीत होते. ६ नोव्हेंबरला जाहीर झालेला प्रवास कायद्याचा मसुदा अपुरा ठरला. म्हणून ९ नोव्हेंबरला काही अधिकाऱ्यांनी घाईने नवे नियम लिहिले. दुसऱ्या दिवसापासून, रीतसर अर्ज करून, लोकांना बाहेर जाता यावे असा त्यांचा हेतू होता. क्रेन्झ यांनी तो कागद प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांच्या हाती दिला. शाबोव्स्की यांनी तो नीट वाचलेला नव्हता. संध्याकाळी सातच्या सुमारास, थेट प्रक्षेपण सुरू असलेल्या पत्रकार परिषदेत ‘हे केव्हापासून लागू?’ असा प्रश्न आला. कागद चाळत त्यांनी उत्तर दिले : तात्काळ, विनाविलंब. पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीने बातमी दिली आणि हजारो लोक नाक्यांवर धावले. बोर्नहोल्मर रस्त्यावरील नाक्याच्या अधिकाऱ्याला वरिष्ठांकडून तासन्‌तास स्पष्ट आदेश मिळाला नाही. अखेर साडेअकराच्या सुमारास त्याने स्वत:च्या जबाबदारीवर फाटक उघडले. लाइपझिगचाच प्रसंग येथे पुन्हा घडला. आदेश देणारे गप्प होते आणि आदेश पाळणाऱ्यांना गोळी झाडायची नव्हती.

सर्वत्र एकच कारण होते का?

कर्ज हेच एकमेव कारण मानले तर रुमानियाचे कोडे सुटत नाही. निकोलाय चाउशेस्कू यांनी जनतेच्या तोंडचा घास काढून निर्यात केली आणि एप्रिल १९८९मध्ये परकीय कर्ज फेडून संपल्याचे जाहीर केले. तेथे सोव्हिएत सैन्यही तैनात नव्हते. तरीही डिसेंबरमध्ये ती राजवट गेली आणि तीच सर्वाधिक रक्तरंजित ठरली. कर्ज न काढता शांतता विकत घेण्याचे साधनच तिने गमावले होते. उरला होता तो केवळ धाक. लष्कराने २२ डिसेंबरला बाजू बदलली तेव्हा तोही संपला. केवळ गोर्बाचेव्ह यांना श्रेय दिले, तर मॉस्कोने १९८१मध्येच माघार का घेतली याचे उत्तर मिळत नाही. केवळ जनतेच्या धैर्याला श्रेय दिले, तर १९५३मधील धैर्य का अपुरे पडले हे सांगता येत नाही.

उत्तर या तिन्ही आधारांच्या एकत्र निखळण्यात आहे. पूर्व युरोपातील बहुतेक राजवटी एकाच खांबाला टेकलेल्या होत्या, त्यामुळे एकीचे पतन हा दुसरीच्या जनतेसाठी पुरावा ठरला. वॉर्सातील निवडणुकीने दाखवले की रणगाडे येत नाहीत. बुडापेस्टने दाखवले की सीमा उघडता येते. लाइपझिगने दाखवले की गोळी झाडली जात नाही. बर्लिनची भिंत खुली झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बल्गेरियाचे तोदोर झिव्कोव्ह पदच्युत झाले. १७ नोव्हेंबरला प्रागचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि २९ डिसेंबरला वात्स्लाव हावेल चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष झाले.

पूर्व जर्मनीत १८ मार्च १९९० रोजी प्रथमच मुक्त निवडणूक झाली. नाव बदलून लढलेल्या जुन्या सत्ताधारी पक्षाला १६.४ टक्के मते मिळाली. ३ ऑक्टोबर १९९० रोजी तो देश नकाशावरून नाहीसा झाला. वर्षभरापूर्वीपर्यंत २३ लाख सदस्य मिरवणाऱ्या पक्षाला वाचवण्यासाठी कोणीही पुढे आले नाही, हा तपशील त्या राजवटीचे खरे बळ किती उरले होते हे सांगण्यास पुरेसा आहे.